स्थिर व्याजाचा अर्ज आणि रूपांतराचे मोल

गृहकर्जाचा व्याजदर वाढू लागला की बँकांच्या शाखांमध्ये एका विशिष्ट प्रकारच्या अर्जांची संख्या वाढते. अर्ज बहुधा दोन ओळींचाच असतो. ‘माझे गृहकर्ज बदलत्या व्याजदरावर आहे, ते कृपया स्थिर व्याजदरावर करून द्यावे व त्यासाठी जे रूपांतर शुल्क असेल ते कळवावे,’ इतकाच त्याचा आशय. अर्जदार शिक्षक असतो, कारकून असतो, निवृत्तीला दहा-बारा वर्षे उरलेला एखादा सरकारी नोकर असतो. दर महिन्याला वाढणाऱ्या हप्त्याची किंवा न संपणाऱ्या मुदतीची त्याने धास्ती घेतलेली असते आणि ‘स्थिर’ या शब्दात त्याला दिलासा दिसतो. ही धास्ती अनाठायी नाही. परंतु या दोन ओळींच्या अर्जात एक गंभीर दोष आहे. अर्जदार मागणी आधी करतो आणि किंमत नंतर विचारतो. बाजारात भाजी घेतानाही कोणी असे करीत नाही. पंधरा वर्षांच्या करारात मात्र सर्रास तसे घडते.

हा क्रम उलटा करणे आवश्यक आहे, आणि तो आवश्यक का आहे हे समजण्यासाठी गेल्या काही वर्षांतील घटना थोड्या पाहाव्या लागतील. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली. रेपो दर अधिक बँकेची ठरावीक भर म्हणजे कर्जदाराचा दर, असे हे सरळ गणित. दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने बसविला जावा, असाही नियम झाला. रेपो दर खाली होता तोवर ही व्यवस्था सर्वांनाच गोड वाटली. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आला होता व दोन वर्षे तेथेच राहिला. त्या काळात सात टक्के किंवा त्याहूनही कमी दराने घरासाठी कर्जे मिळाली. मग मे २०२२ मध्ये चक्र फिरले. अवघ्या नऊ महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पर्यंत, रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. अडीच टक्क्यांची वाढ कर्जदाराच्या खात्यावर जशीच्या तशी उतरली.

या वाढीचा परिणाम किती विलक्षण होता हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. वीस लाख रुपयांचे, वीस वर्षे मुदतीचे कर्ज ७ टक्के दराने घेतले तर मासिक हप्ता सुमारे १५,५०६ रुपये पडतो. दर ९.५० टक्के झाला की त्याच वीस लाखांवरचे एका महिन्याचे नुसते व्याजच १५,८३३ रुपये होते. म्हणजे हप्ता पूर्वीचाच ठेवला तर त्यात व्याजही भागत नाही. मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागते. कर्जदार वर्षानुवर्षे हप्ते भरणार आणि कर्ज फुगत जाणार, असा हा प्रकार. पुष्कळ ठिकाणी बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत लांबविली होती. त्यामुळे हप्ता तोच दिसत राहिला आणि कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचे अनेकांच्या लक्षातही आले नाही.

या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी एक परिपत्रक काढले. मुदत अशा रीतीने लांबवू नये की व्याजही न भागता मुद्दल वाढत जावे. हप्ता वा मुदत वाढली तर कर्जदाराला तत्काळ कळवावे. हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरविण्याची संधी त्याला द्यावी. प्रत्येक तिमाहीस वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजाचा दर दाखविणारा सुबोध तक्ता द्यावा, असे त्यात सांगितले होते. त्याच परिपत्रकात प्रस्तुत विषयाशी निगडित असे एक कलम होते. दर नव्याने बसविताना कर्जदाराला स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय बँकेने आपल्या संचालक मंडळाच्या धोरणानुसार द्यावा आणि त्यासाठीचे सर्व शुल्क मंजुरीपत्रात व शुल्क बदलेल तेव्हाही स्पष्टपणे जाहीर करावे, असे ते कलम होते. नव्या कर्जांप्रमाणेच जुन्या कर्जांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हे सर्व लागू व्हावयाचे होते.

कर्जदाराला हक्क मिळाला, असा याचा अर्थ तेव्हा लावला गेला. तो फारसा बरोबर नव्हता. पर्याय द्या एवढेच बँकांना सांगितले होते; तो कोणत्या दराने द्यावा हे सांगितलेले नव्हते. त्यामुळे चालू बदलत्या दरापेक्षा स्थिर दर पुष्कळ चढा ठेवला की पर्याय कागदावर राही आणि कोणी तो घेत नसे. तरीही बँकेला ‘आमच्याकडे अशी सोय नाही’ असे म्हणून अर्जदाराला परत पाठविता येत नव्हते. २९ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नियमांत दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून हा पर्याय देणे न देणे बँकांच्या मर्जीवर सोपविले. पूर्वी जे ‘द्यावा’ होते, ते ‘देता येईल’ झाले. दोन वर्षांपूर्वीच्या बातम्यांची कात्रणे जपून ठेवून शाखेत जाणाऱ्या कर्जदाराने ही गोष्ट आधी जाणून घेतली पाहिजे. आज त्याच्या पत्रातला पहिला प्रश्न शुल्काचा असू शकत नाही. बँक हा पर्याय मुळात देते काय, आणि तिचे त्याविषयीचे धोरण काय आहे, हा तो प्रश्न होय.

एका हिशेबाचा धडा

पर्याय मिळतो असे गृहीत धरू आणि एक हिशेब मांडू. समजा, एखाद्या माध्यमिक शिक्षकाच्या गृहकर्जाचे वीस लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे व पंधरा वर्षे उरली आहेत. त्याचा बदलता दर आज ८ टक्के आहे. बँक त्याला साडेनऊ टक्के स्थिर दर देऊ करते आणि शिल्लक मुद्दलाच्या अर्धा टक्का रूपांतर शुल्क मागते. अर्धा टक्का म्हणजे दहा हजार रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे अठराशे. एकूण ११,८०० रुपये. शिक्षकाच्या डोळ्यांपुढे हाच आकडा उभा राहतो, कारण तो एकरकमी द्यावा लागतो. ‘अकरा-बारा हजार देऊन पंधरा वर्षांची चिंता मिटत असेल तर काय वाईट?’ असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

तथापि खरी किंमत शुल्कात नसून दरातील दीड टक्क्याच्या फरकात आहे. ८ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे १९,११३ रुपये पडतो; साडेनऊने तो २०,८८४ रुपये होतो. दरमहा १,७७१ रुपयांचा हा फरक आहे. सात महिन्यांत तो शुल्काची रक्कम मागे टाकतो आणि पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. म्हणून ‘शुल्क किती?’ एवढेच विचारणारा अर्जदार दाराची किंमत विचारतो आणि घराची विसरतो.

आता याच शिक्षकाने रूपांतर न करता बदलत्या दरावरच राहून, स्थिर दराने जो हप्ता पडला असता तो, म्हणजे २०,८८४ रुपये, स्वतःहून भरावयाचे ठरविले असे समजा. जादा भरलेले १,७७१ रुपये दरमहा मुद्दलातून वजा होतील. तीन वर्षे दर बदलला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याच्याकडे सुमारे १६ लाख ९४ हजार रुपये मुद्दल उरेल. रूपांतर केले असते तर तोच हप्ता भरूनही सुमारे १७ लाख ९० हजार उरले असते. खिशातून गेलेली मासिक रक्कम दोन्हीकडे सारखी, पण कर्जात जवळजवळ सत्याण्णव हजारांचे अंतर. शुल्काचे ११,८०० रुपये निराळेच. येथून पुढे स्थिर दर फायद्याचा ठरण्यासाठी बदलता दर किती चढावा लागेल? शुल्क धरून हिशेब केला तर उरलेली बारा वर्षे तो सरासरी १०.८ टक्क्यांच्या आसपास राहावा लागेल. म्हणजे आजच्यापेक्षा पावणेतीन टक्क्यांहून अधिक, आणि तोही एखाददुसरे वर्ष नव्हे, तर सतत.

गेल्या चक्राशी याची तुलना उद्बोधक आहे. २०२२-२३ मधील वाढ अलीकडच्या काळातील अत्यंत वेगवान वाढ होती आणि ती अडीच टक्क्यांवर थांबली. तो शिखरावरचा दर दोन वर्षे टिकला. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला; म्हणजे चढलेल्या अडीच टक्क्यांतील निम्मी वाढ त्या एका वर्षात परत गेली. तेच चक्र आपल्या शिक्षकाच्या कर्जावर फिरले असे मानले तर त्याचा ८ टक्के दर १०.५० वर जाईल, दोन वर्षे तेथे राहील आणि ९.२५ वर उतरेल. दर १०.५० असताना हप्ता सुमारे बावीस हजारांच्या घरात गेला असता आणि साडेनऊच्या स्थिर दरावर तो दरमहा हजार-बाराशे वाचवीत असता. मात्र दर उतरल्यावर तोच स्थिर दर बाजारापेक्षा पाव टक्का महाग ठरला असता. दोन वर्षांची बचत आणि नंतरचा तोटा, असा हा सौदा.

यावरून स्थिर दर नेहमीच फसवा असतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्थिर दर हा एक प्रकारचा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता वाया गेला म्हणजे विमा मूर्खपणाचा होता असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या पगारातून हप्ता जाऊन जेमतेम घर चालते, ज्याला दोन हजारांची वाढही झेपणार नाही, त्याने निश्चिततेसाठी काही अधिक मोजणे शहाणपणाचे ठरू शकते. स्थिर व बदलत्या दरांतील अंतर दीडऐवजी अर्धा टक्का असेल आणि व्याजाचे दर तळाशी असतील, तर हिशेबाचे पारडे फिरू शकते. अडचण ही की बहुतेक अर्ज नेमके उलट्या वेळी येतात. दर तळाशी असतात तेव्हा कोणाला स्थिर दराची आठवण होत नाही. तो शिखराकडे जाऊ लागला की रांग लागते, आणि बँकेचा स्थिर दर त्या वेळी शिखराच्याही वर असतो.

‘स्थिर’ म्हणजे किती स्थिर?

शुल्क व दर यांच्या पलीकडे दोन गोष्टी आहेत, ज्या अर्जदार सहसा विचारत नाही. पहिली म्हणजे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ. सामान्य माणूस त्याचा अर्थ कर्ज फिटेपर्यंत न बदलणारा, असा करतो. करारात तसे असेलच असे नाही. दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरता दर स्थिर आणि नंतर आपोआप बदलता, अशा योजना आहेत. कर्ज संपेपर्यंत स्थिर म्हटलेल्या दरालाही ‘बाजारातील परिस्थितीत असाधारण बदल झाल्यास दर सुधारण्याचा अधिकार बँक राखून ठेवीत आहे’ अशा अर्थाचे कलम जोडलेले असू शकते. हे कलम असेल तर दर वाढत असताना बँक ते वापरू शकते. म्हणजे ज्या दिवसासाठी विमा उतरविला त्याच दिवशी तो नाकारला जाण्याची शक्यता राहते. बँकेची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. तिच्याकडील ठेवी बहुतांशी काही महिन्यांच्या वा दोन-तीन वर्षांच्या असतात. त्यांच्या बळावर पंधरा वर्षे एकाच दराने पैसे देणे तिला धोक्याचे असते. म्हणूनच ती एक तर मुदत आखडती घेते किंवा दर चढा लावते. यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की अर्जदाराला हा फरक सही केल्यावर कळावा.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड केल्यास बँकेला दंड घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. त्याचा मोठा उपयोग असा की बँकेने दर अवाजवी ठेवला तर कर्जदार ते कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊ शकतो, किंवा भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली की ती कर्जात भरू शकतो. स्थिर दराला हे संरक्षण नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये मुदतपूर्व परतफेडीविषयी जे निर्देश काढले आणि जे १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत झालेल्या कर्जांना लागू झाले, त्यांत काही काळ स्थिर व काही काळ बदलता दर असणाऱ्या कर्जांचा खुलासा आहे. परतफेडीच्या दिवशी कर्ज बदलत्या दरावर आहे की नाही, यावर दंडाची माफी अवलंबून राहते. तात्पर्य, रूपांतराच्या अर्जावर सही करणारा कर्जदार केवळ दर बदलत नाही. तो बाहेर पडण्याची मोफत वाटही बँकेच्या हाती देतो. दर उतरल्यावर त्याला पुन्हा बदलत्या दराकडे यायचे झाले तर पुन्हा रूपांतर शुल्क पडू शकते आणि असे किती वेळा करता येईल हेही बँकेचे धोरण ठरविते.

आणखी एक घोटाळा शब्दांचा आहे. ‘कन्व्हर्जन’ हा शब्द बँकेच्या कारभारात एकापेक्षा अधिक अर्थांनी वापरतात. जुन्या पद्धतीच्या दरावरून रेपोशी जोडलेल्या दरावर जाणे यालाही तो लावतात, दरावरील बँकेची भर कमी करून घेण्यालाही लावतात आणि बदलत्या दरावरून स्थिर दरावर जाण्यालाही. प्रत्येकाचे शुल्क निराळे असू शकते. ‘रेट कन्व्हर्जन करून द्यावे’ असा मोघम अर्ज दिल्यास भलतेच रूपांतर पदरी पडू शकते. किंबहुना स्थिर दर मागणाऱ्या कित्येकांचे खरे दुखणे वेगळेच असते. त्यांचे कर्ज २०१९ पूर्वीचे असते, जुन्या मानदंडावर चढ्या दराने चाललेले असते आणि रेपोशी जोडल्यास दर लगेच खाली येणार असतो. असे स्थलांतर वाजवी प्रशासकीय खर्च वगळता विनाशुल्क करून मिळावे, ही तरतूद २०१९ मध्येच झाली आहे. तसेच बँकेला आपली भर तीन वर्षांच्या आत वाढविता येत नसली तरी ग्राहकाच्या हितासाठी कमी करता येते, हे सप्टेंबर २०२५ च्या त्याच दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. म्हणून स्थिर दराची चौकशी करण्यापूर्वी आपला सध्याचा दर नव्या कर्जदाराला मिळणाऱ्या दराइतका आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

पत्र कसे असावे

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे पत्राचे स्वरूप आपोआप ठरते. ते विनंतीचे नसावे, चौकशीचे असावे. त्याचा मजकूर साधारणतः पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

‘मा. शाखाधिकारी यांस,

विषय : गृहकर्ज खाते क्रमांक अमुक, स्थिर व्याजदराच्या पर्यायाविषयी माहिती मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त गृहकर्ज बदलत्या व्याजदरावर आहे. ते स्थिर व्याजदरावर नेण्याचा विचार करण्यापूर्वी पुढील माहिती लेखी मिळावी. एक, आपली बँक चालू कर्जदारांना हा पर्याय देते काय, आणि देत असल्यास तो कोणत्या दिनांकास लागू होईल? दोन, लागू होणारा स्थिर दर किती, तो किती वर्षे स्थिर राहील आणि त्या काळात तो बदलण्याचा अधिकार बँकेला कोणत्या कलमान्वये आहे? तीन, रूपांतर शुल्क किती. ते शिल्लक मुद्दलावर की मूळ मंजूर रकमेवर आकारले जाते. त्यावरील कर, मुद्रांक शुल्क व इतर खर्च धरून एकूण किती रक्कम द्यावी लागेल? चार, रूपांतरानंतर मुदतपूर्व अंशतः वा पूर्ण परतफेड केल्यास कोणता आकार पडेल, आणि पुन्हा बदलत्या दराकडे येता येईल काय? पाच, रूपांतरापूर्वीचा व नंतरचा हप्ता, उरलेली मुदत आणि द्यावयाचे एकूण व्याज दाखविणारा तक्ता मिळावा.

हे पत्र केवळ चौकशीचे आहे. ते रूपांतरास दिलेली संमती समजू नये. आपले लेखी उत्तर मिळून सर्व कर्जदारांनी त्यास स्वाक्षरीने मान्यता दिल्याखेरीज कोणतेही शुल्क खात्यातून वळते करू नये.’

शेवटचा परिच्छेद हा या पत्राचा प्राण आहे. विनंतीच्या अर्जावर शुल्क वसूल झाले आणि नंतर दर पाहून कर्जदार मागे फिरला, तर भरलेले शुल्क परत मिळणे दुरापास्त असते. पत्रावर पती-पत्नी दोघेही कर्जदार असल्यास दोघांच्या सह्या असाव्यात आणि प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घालून पोच घ्यावी. १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जासोबत मुख्य तपशिलांचे एक विवरणपत्र मिळालेले असते. एका प्रकारच्या दरावरून दुसऱ्यावर जाण्याचे शुल्क त्यात नोंदविण्यासाठी रकाना आहे. त्यापूर्वीच्या कर्जदाराने मंजुरीपत्र काढून पाहावे. त्यात लिहिलेले शुल्क आणि शाखेने सांगितलेले शुल्क यांत तफावत असेल तर ते कधी वाढले व ती वाढ कशी कळविली होती, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. रूपांतर पुढे झालेच, तर पुरवणी करार व नवा परतफेडीचा तक्ता हाती घ्यावा आणि खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची जी कमाल रक्कम पूर्वी लिहून दिली आहे ती नव्या हप्त्याला पुरते काय, हे तपासावे. ती अपुरी पडली तर पैसे असूनही हप्ता परत जातो आणि दंड लागतो.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र तेथे काय मागता येईल याची मर्यादा ओळखली पाहिजे. स्थिर दर द्यावा की नाही, किती द्यावा, हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे. त्यात लोकपाल सहसा हस्तक्षेप करणार नाही. न कळविता शुल्क कापले, जाहीर शुल्काहून अधिक घेतले, पत्राला उत्तरच दिले नाही, या सेवेतील उणिवा आहेत आणि त्यांची दाद मागता येते. शिक्का असलेली पोच अशा वेळी उपयोगी पडते.

उरतो तो धोरणाचा प्रश्न. रूपांतर शुल्क मुद्दलाच्या टक्केवारीने घेण्याचे समर्थन कसे करता येईल? पुरवणी करार लिहिणे, संगणकावर दर बदलणे, नवा तक्ता काढणे यांना वीस लाखांच्या कर्जास जेवढे श्रम पडतात तेवढेच साठ लाखांच्या कर्जास पडतात. शुल्क मात्र तिप्पट होते. दर वाढण्याचा धोका बँक स्वीकारते म्हणून ही रक्कम आहे, असे म्हणावे तर त्या धोक्याचे मोल चढ्या स्थिर दरात आधीच वसूल झालेले असते. एकाच धोक्याची किंमत दोनदा घेणे न्याय्य नव्हे. प्रत्यक्ष खर्चाएवढी ठरीव रक्कम घ्यावी, हाच रास्त मार्ग आहे.

पर्याय देण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने काढून घेतली, यामागे काही व्यवहार असू शकेल. चढ्या दराने दिलेला आणि कोणी न घेणारा पर्याय टिकविण्यात फारसे हशील नव्हते. परंतु सक्ती गेली म्हणून स्पष्टतेची गरज कमी होत नाही. उलट ती वाढते. ज्या बँका हा पर्याय देतात त्यांनी शुल्क घेण्यापूर्वी दोन्ही दरांचा तुलनात्मक हिशेब, परतफेडीच्या अटींसह, एका पानावर लेखी द्यावा आणि विचार करण्यासाठी कर्जदाराला काही दिवसांची मुदत द्यावी; ज्या देत नाहीत त्यांनी तसे आपल्या धोरणात उघडपणे लिहावे. एवढे बंधन घातल्याने बँकांचे व्यापारी स्वातंत्र्य कोठेही बाधित होणार नाही. ते घातले जाईपर्यंत पाच प्रश्नांचे एक पत्र आणि त्यावरची शिक्क्याची पोच, एवढेच साधन सामान्य कर्जदाराच्या हाती आहे, आणि ते सहीपूर्वी वापरले तरच त्याचा उपयोग आहे.